यमकात वार बसवा

सेंद्रिय भाजीच्या रेडिओ जाहिरातीत यमक बहुतेक जण ‘ताजी-भाजी’वर खर्च करतात. ते कानात राहतं, पण बाजाराचा वार विसरला जातो. म्हणून आधी वार यमकाच्या जागी ठेवा, मग उलट मागे लिहीत या:

‘शेणखतावर वाढली, पहाटेच काढली,
थेट शेतातून इथे मांडली.
सेंद्रिय भाजीचा आठवडी बाजार,
सकाळी सातला, दर रविवार!’

शेवटची ओळ दोनदा घ्या. रेडिओ ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाचता येत नाही. सोमवार ते रविवार, सगळे ‘बाजार’शी जुळतात, ही मराठीची मेहेरबानीच!

‘फवारणीच नाही’ असं मात्र लिहू नका. सेंद्रिय शेतीतही निंबोळी अर्क फवारतात. ‘रासायनिक फवारणी नाही’ म्हणा, तेही खरं असेल तरच.