हक्कभंगाचा प्रश्न सोडवताना या चुका टाळा

समजा, मालवणच्या एका साप्ताहिकाने जेट्टीच्या कंत्राटावर एका आमदाराने सभागृहात केलेलं भाषण जसंच्या तसं छापलं. त्यातला काही भाग अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकला होता. विधानसभेने हक्कभंग ठरवला आणि संपादकांना म्हणणं मांडू न देताच सात दिवसांचा कारावास सुनावला. संपादक मुंबई उच्च न्यायालयात गेले, तर काय होईल?

आमच्याकडची बरीच मुलं इथे पहिल्याच ओळीत घसरतात: ‘मूलभूत हक्क श्रेष्ठ, म्हणून कलम 19(1)(क) खाली संपादक सुटतील.’ हा दरवाजा डिसेंबर 1958 मध्येच बंद झाला. ‘सर्चलाइट’ या पाटण्याच्या दैनिकाने बिहार विधानसभेतल्या भाषणाचा असाच वगळलेला भाग छापला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राज्य विधिमंडळाला विशेषाधिकार देणारं कलम 194(3) हा घटनेचाच विशेष भाग आहे. अभिव्यक्तीच्या सर्वसाधारण हक्काला त्यापुढे वाट द्यावी लागेल. विधिमंडळाने कायदा करून विशेषाधिकार संहिताबद्ध केले असते, तर तो कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्द ठरवणाऱ्या कलम 13 च्या कसोटीवर तपासता आला असता. विधिमंडळं असा कायदा का करत नाहीत, हे यावरून कळतं. न्या. सुब्बाराव यांचं मत खुशाल लिहा, पण ते अल्पमताचं आहे हेही लिहा.

मग काहीजण दुसऱ्या टोकाला जातात: विशेषाधिकार सगळ्या हक्कांवर भारी. ‘सर्चलाइट’मध्येच न्यायालयाने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य जपणारं कलम 21 तपासलं होतं, सभागृहाच्या नियमांनुसार कार्यवाही होती म्हणून ते भंगलं नाही, एवढंच. पुढे 1964 चं केशव सिंग प्रकरण आलं. उत्तर प्रदेश विधानसभेने तुरुंगात टाकलेल्या माणसाला जामीन दिला म्हणून तिने उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनाच हजर करण्याचा ठराव केला! राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. न्या. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने ‘सर्चलाइट’ रद्द केला नाही, तो 19(1)(क) पुरता आहे असं सांगितलं. कलम 21 लागू राहतं, उच्च न्यायालयाला कलम 226 खालची याचिका ऐकता येते, आणि कारण न सांगणारं सभागृहाचं वॉरंटही अंतिम नसतं. कलम 212 सभागृहाच्या कार्यपद्धतीतल्या अनियमिततेला झाकतं, बेकायदेशीरपणाला नाही. हाच धागा खासदारांच्या हकालपट्टीवरच्या 2007 च्या राजाराम पाल निकालात आहे, आणि महाराष्ट्राच्या 12 आमदारांचं वर्षभराचं निलंबन रद्द करणाऱ्या 2022 च्या निकालातही.

तेव्हा आपल्या संपादकांची बाजू 19 वर नाही, ‘सुनावणीच दिली नाही’ या मुद्द्यावर, म्हणजे 21 वर उभी करा.

जाता जाता: 194(3) मध्ये आता ‘हाउस ऑफ कॉमन्स’ हे शब्द नाहीत; 44 व्या दुरुस्तीने ते गेले. जुन्या नोट्स तपासा.

शेवटची चूक: ‘केशव सिंग जिंकले.’ याचिका ऐकण्याचा अधिकार मान्य झाला, पण मार्च 1965 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. आपल्या संपादकांनाही नियमाप्रमाणे नोटीस आणि सुनावणी मिळाली असती, तर न्यायालयाने त्यांचं ऐकलं असतं, पण बहुधा सोडवलं नसतं.