धाकटा भाऊ : वापरपुस्तिकेतील ‘सकाळ’ हे प्रकरण

इशारा : हे उत्पादन झोपेतही ‘उठलोय’ असा आवाज काढते, म्हणून दोन्ही पाय जमिनीला टेकल्याची खात्री करावी. पंखा बंद करणे व्यर्थ आहे; ठाण्यातील मे महिन्याच्या उकाड्यातही ते घामाघूम होऊन तसेच पडून राहते.

न्हाणीघरातून गाणी ऐकू येत असतील, पण पाण्याचा आवाज येत नसेल, तर उत्पादन मोबाइलसह आत गेले आहे असे समजावे आणि ठाण्याहूनच सुटणारी, म्हणजे बसायला जागा मिळण्याची थोडी तरी आशा असलेली, आपली लोकल चुकण्यापूर्वी वायफायचे राउटर बंद करावे. मोबाइल डेटा शिल्लक असल्यास हा उपाय चालत नाही; अशा वेळी आईला हाक मारावी. उत्पादन परत घेतले जात नाही, हे तिने पूर्वीच स्पष्ट केले आहे.