'वन ऑफ द'च्या वाक्यात क्रियापद चुकत होतं, ते असं सुटलं

स्पर्धा परीक्षेच्या चूक-शोधा प्रश्नांत 'वन ऑफ द…' दिसलं की माझं उत्तर हमखास चुकायचं. 'वन आलं की एकवचन' हा नियम पाठ केला, निम्मी वाक्यं तरीही चुकली. जवळचं नाम बघून क्रियापद ठरवलं तर उरलेली चुकली. वैताग आला.

आधी 'हू', 'दॅट' किंवा 'विच' आहे का पाहा. नसेल तर 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंतचा भाग झाका. उरतो 'वन', म्हणून एकवचन.

असेल तर त्या शब्दाचं मराठी करा: 'जो' की 'जे'? इथे मराठी खरंच कामी येते. हे वाक्य घ्या: 'वन ऑफ द वीव्हर्स हू मेक चादर्स इन सोलापूर हॅव गॉन टू पुणे.' सोलापुरात 'जे' विणकर चादरी विणतात, त्यांच्यातला एक. 'जे' आलं, म्हणून 'मेक' बरोबर. आता 'हू'पासून 'सोलापूर'पर्यंतचा तुकडा झाका. पुण्याला गेला तो एकच, म्हणून 'हॅव' चूक, 'हॅज' हवं. एका वाक्यात दोन क्रियापदं, दोघांचे कर्ते वेगळे. घोळ इथेच होतो.

'द ओन्ली वन ऑफ' असेल तर मात्र 'जो एकटाच' होतं, म्हणून 'हू मेक्स'.

शेवटी काळ. त्याच वाक्यात 'लास्ट इयर' जोडलेलं असेल तर 'हॅज गॉन'ही चूक, 'वेंट' लागतं.