स्कॉलरशिप वाढवून मागायची आहे? ईमेलच्या आधी हिशोब करा

अमेरिकेतल्या मास्टर्सचे दोन ॲडमिट हातात आहेत. मन जिथे आहे तिथली स्कॉलरशिप कमी आणि दुसरीकडची जास्त. अशा वेळी पहिल्या युनिव्हर्सिटीला ‘रकमेचा फेरविचार करा’ असं लिहिता येतं, आणि बिनधास्त लिहावं. नीट शब्दांत विचारलं म्हणून कुणी ॲडमिशन काढून घेत नाही. फार तर नकार येतो आणि आधीची रक्कम तशीच राहते. ती भीती मनातून काढून टाका.

घाबरायचंच असेल तर चुकीच्या आकड्याला घाबरा. बहुतेक विनंत्या तिथेच मरतात. ‘तुमचे ५ हजार, त्यांचे १२ हजार, म्हणून ७ हजार वाढवा’ ही मांडणी वाचायला सरळ वाटते, पण समोर बसलेला माणूस रोज अशीच पत्रं वाचतो. त्याला पहिल्या ओळीतच कळतं की या मुलाने फक्त स्कॉलरशिपचे आकडे पाहिलेत, खर्च पाहिलेला नाही.

समजा, तुम्हाला हवी असलेली युनिव्हर्सिटी ‘अ’. तिथे ३० क्रेडिट्स, दर क्रेडिटला १,५०० डॉलर, म्हणजे ट्यूशन ४५,००० डॉलर. सेमिस्टरची फी १,२०० धरली तर तीन सेमिस्टरची ३,६००. एकूण ४८,६००. स्कॉलरशिप ५,०००, तीही एकदाच. खिशातून जाणार ४३,६०० डॉलर.

दुसरी ‘ब’. तिथे क्रेडिट स्वस्त, १,३०० डॉलर, पण क्रेडिट्स ३६. ट्यूशन झाली ४६,८००. सेमिस्टर तेवढीच, फी तेवढीच, म्हणजे एकूण ५०,४००. स्कॉलरशिप १२,०००, दर सेमिस्टरला ४,००० अशी तीन भागांत. खिशातून जाणार ३८,४०० डॉलर.

आता खरा फरक बघा: ५,२०० डॉलर, ७,००० नव्हे. मागायची रक्कम या ५,२०० मधून निघते.

पण इथे थांबू नका, कारण खरी मेख पुढे आहे. ‘ब’च्या ऑफर लेटरमध्ये खाली कुठेतरी लिहिलेलं असतं की पुढच्या सेमिस्टरची रक्कम मिळायला जीपीए ३.५ च्या वर हवा. पहिल्या सेमिस्टरला जीपीए घसरला आणि पुन्हा वर आलाच नाही, तर १२,००० मधले फक्त ४,००० मिळाले. मग ‘ब’चा खर्च ४६,४०० होतो, आणि ज्या ‘अ’ला तुम्ही महाग म्हणत होतात ती २,८०० डॉलरने स्वस्त पडते. ३६ क्रेडिट्स तीन सेमिस्टरमध्ये म्हणजे दर सेमिस्टरला १२. तो भार घेऊन ३.५ टिकवणं जमतं, पण गृहीत धरू नये. चौथं सेमिस्टर लागलं तर त्याची फी आणि तेवढ्या महिन्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च वाढतो, आणि ५,२०० चा फरक तिथेच संपू शकतो. म्हणून दोन्ही लेटर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. रक्कम वर्षाला आहे की पूर्ण कोर्सची, उन्हाळी सेमिस्टरला लागू आहे का, क्रेडिट्स कमी घेतले तर कापतात का, हे तिन्ही प्रश्न सुटल्याशिवाय ईमेल उघडूच नका.

हिशोब झाला की पत्र सोपं आहे. ज्या ऑफिसने स्कॉलरशिपचं लेटर पाठवलं त्यांनाच लिहा. मास्टर्सला बहुतेक वेळा तो निर्णय डिपार्टमेंटची किंवा कॉलेजची ग्रॅज्युएट कमिटी घेते. फायनान्शियल एड ऑफिसकडे मुख्यतः अमेरिकन विद्यार्थ्यांची सरकारी मदत असते. तिथे लिहिलेलं पत्र नुसतं फिरत राहतं. वेबसाइटवर फेरविचाराचा फॉर्म असेल तर तोच भरा. आणि ‘स्कॉलरशिपची रक्कम अंतिम आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर आग्रह धरू नका.

ईमेल दोनशे शब्दांच्या आत बसवा. विषयात नाव, ॲप्लिकेशन नंबर, प्रोग्राम आणि ‘स्कॉलरशिप फेरविचाराची विनंती’. सुरुवातीला ॲडमिशन आणि स्कॉलरशिपबद्दल आभार, एकच वाक्य. मग हाच प्रोग्राम का हवा याचं एक ठोस कारण: एखादा कोर्स, एखादी लॅब. ‘नामांकित युनिव्हर्सिटी’ वगैरे गाळा. त्यानंतर चार ओळींचा हिशोब: दोन्हीकडची ट्यूशन, फी, स्कॉलरशिप, निव्वळ खर्च. ‘ब’ची जीपीएची अट लपवू नका, लेटर सोबत जोडायचंच आहे, ते वाचणारच. शेवटी आकडा. ‘शक्य तेवढं वाढवा’ असं लिहिलं तर कमिटीपुढे ठेवायला काही उरत नाही. ‘५,००० डॉलर वाढल्यास मी मुदतीच्या आत डिपॉझिट भरून ॲडमिशन स्वीकारेन’ हे वाक्य सगळ्यात वजनदार, आणि म्हणूनच ते एकाच युनिव्हर्सिटीला लिहायचं. दोघांना लिहून बोली लावणं मला सरळ खोटेपणा वाटतो.

‘ब’चं लेटर पूर्ण पीडीएफ म्हणून जोडा, कापलेला स्क्रीनशॉट नको. त्यातला एकही आकडा बदलू नका. खोटा कागद पकडला गेला तर ॲडमिशनच जाते, आणि तेव्हा कुणी दया करत नाही.

कन्सल्टंटकडून हे पत्र लिहून घेऊ नका. त्यांचा साचा तीन ओळींत ओळखू येतो, आणि काहींना युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळतं, म्हणजे तुमचा फायदा हा त्यांचा पहिला विचार नसतो. ‘दुप्पट मागा, निम्मं मिळेल’ सांगणारे सीनियरही सोडून द्या. मसुदा एखाद्या शिक्षकाला दाखवा, पण पाठवा स्वतः, ॲप्लिकेशनला वापरलेल्या ईमेलवरूनच. आई-वडिलांनी लिहिलेल्या पत्राला बहुतेक ऑफिसं विद्यार्थ्याची माहिती देऊ शकत नाही एवढंच उत्तर देतात.

वेळ महत्त्वाची. डिपॉझिट भरण्याच्या आधी लिहा. भरल्यावर तुम्ही येणार हे त्यांना कळलेलंच असतं. मुदत जवळ असेल तर मुदतवाढ त्याच ईमेलमध्ये वेगळ्या वाक्यात मागा. ऑफरला उत्तर द्यायला विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत वेळ द्यावा, या युनिव्हर्सिटींच्या ठरावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तो फक्त सही केलेल्या युनिव्हर्सिटींना आणि आर्थिक मदतीच्या ऑफरना लागू आहे. मदतीशिवायच्या नुसत्या ॲडमिशनला नाही. यादीत नाव आहे का ते बघूनच त्याचा उल्लेख करा.

कामाचे सात-आठ दिवस थांबून एकच आठवण करा. उत्तर ‘नाही’ आलं तरी त्यात बऱ्याचदा दुसरं काही दडलेलं असतं: एकदाच मिळणारे हजार-दोन हजार, डिपॉझिटची माफी किंवा असिस्टंटशिपसाठी अर्ज करण्याची सूचना. असिस्टंटशिप असेल तर एक प्रश्न विचाराच: ट्यूशन माफ होते की फक्त तासाचे पैसे? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रक्कम वाढली तर सुधारित लेटर लेखी घ्या, सगळ्या अटींसह. व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो आय-२० फॉर्म आधीच निघालेला असेल तर त्यावर जुनीच रक्कम असेल. इंटरनॅशनल ऑफिसला नवं लेटर पाठवून सुधारित आय-२० व्हिसा इंटरव्ह्यूच्या आधी मागवा. सेव्हिस नंबर तोच राहतो, त्यामुळे सेव्हिस फी पुन्हा भरावी लागत नाही.