डिलिव्हरीचं अंतर मोजताना या चुका टाळा: पिनकोड मागच्या दाराने परत येतो

सोलापुरातल्या दुकानांसाठी मी ऑनलाइन ऑर्डरचे फॉर्म बनवतो. किराणा, मिठाई, खानावळी, अशी गिऱ्हाइकं. जवळजवळ प्रत्येक दुकानदाराची पहिली अट ठरलेली असते: "पाच किलोमीटरच्या आतलीच ऑर्डर घ्यायची." आणि नव्याने या कामात आलेली मुलं त्यावर एकच उपाय करतात. पिनकोडांची यादी घेतात, जवळचे वाटतील ते चार आकडे फॉर्ममध्ये भरतात आणि मोकळी होतात. गेली काही वर्षं मी हीच कामं उसवून पुन्हा शिवतोय.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला तो टपालाच्या वर्गवारीसाठी. पहिले तीन आकडे पत्र कुठल्या भागाकडे पाठवायचं ते सांगतात, म्हणून आपल्याकडे ४१३. शेवटचे तीन कुठल्या पोस्ट ऑफिसने ते वाटायचं हे सांगतात. देशात पोस्ट ऑफिसं दीड लाखाच्या वर आहेत आणि पिनकोड साधारण एकोणीस हजार. म्हणजे एका आकड्याखाली अनेक पोस्ट ऑफिसं येतात, आणि शहराच्या कडेच्या पिनकोडात पलीकडची गावंही येऊ शकतात. दुकानासमोरचा रस्ता ओलांडला की पिनकोड बदलतो आणि तो माणूस नाकारला जातो; दहा किलोमीटरवरचा मात्र त्याच आकड्यामुळे आत येतो.

हवाई अंतर म्हणजे रस्त्याचं अंतर नव्हे

पिनकोड सोडला की मुलं नकाशावर दुकानाभोवती वर्तुळ काढतात. सोलापुरात हे चालत नाही, कारण मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग शहरातून जातो. रुळांच्या पलीकडचं घर गच्चीवरून दिसतं, पण गाडीला पुलापर्यंत जाऊन वळसा घालावा लागतो. सिद्धेश्वर तलाव आणि किल्ल्याच्या भोवतीही तेच. सरळ रेषा पाण्यावरून जाते, मोटारसायकल जात नाही.

तरीही हवाई अंतर मी टाकून देत नाही, आधीची चाळणी म्हणून ठेवतो. रस्ता सरळ रेषेपेक्षा कधीच लहान नसतो. त्यामुळे हवाई अंतरच पाच किलोमीटरच्या वर असेल तर रस्ता विचारायचीही गरज नाही, ऑर्डर बाहेरची. आत असेल तरच रस्ता विचारायचा. नकाशावरून रस्ता आणि त्याचं अंतर काढून देणाऱ्या ओएसआरएम या प्रणालीला तो असा विचारतात:

```
/route/v1/driving/75.9064,17.6599;75.9210,17.6320?overview=false
```

इथे रेखांश आधी आणि अक्षांश नंतर. गूगलच्या नकाशावरून कॉपी केलेली जोडी उलटी असते. ती तशीच चिकटवली तर सोलापूरचं दुकान उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात, स्वालबार्ड बेटांच्या खाली जातं. उत्तरातलं `routes[0].distance` मीटरमध्ये असतं. पहिली जागा दुकानाची द्यायची, दुसरी ग्राहकाची. दुभाजक आणि एकेरी रस्ते असले की जायचं आणि यायचं अंतर सारखं नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. जुळे सोलापूरकडच्या एका खानावळीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा त्यांच्याकडे रस्त्याचं अंतर आधीपासूनच लावलेलं होतं. मालक म्हणाले, "सगळं बरोबर केलंय ओ, तरी पोरं लांब लांब चाललीत." एका रविवारी डिलिव्हरीचा मुलगा डबा घेऊन निघाला आणि पाऊण तासाने त्याचा फोन आला: "मालक, पत्ता पार गावाबाहेर लागला की ओ. भाजी गार झाली, घेत न्हाईत."

मी त्या महिन्याच्या ऑर्डरी एका शीटमध्ये काढल्या आणि अंतराच्या रकान्यावर क्रम लावला. अकरा ऑर्डरींचं अंतर अगदी एकच होतं, ३४१२ मीटर. पत्ते मात्र अकरा वेगळे. एक "मारुती मंदिराजवळ", एक "पाण्याच्या टाकीमागे, पाटील वस्ती", एकात फक्त प्लॉट नंबर. अकरांचे अक्षांश-रेखांश शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे.

झालं होतं असं: पत्त्यावरून जागा शोधणाऱ्या सेवेला "पाण्याच्या टाकीमागे" समजलं नाही. पण ती रिकाम्या हाताने परत येत नाही. पत्त्यातला जेवढा भाग कळला तेवढा धरते. इथे कळला होता फक्त पिनकोड, म्हणून तिने त्या पिनकोडाच्या भागाचा मधला बिंदू दिला. तिथपर्यंतचा रस्ता अगदी अचूक मोजला गेला, ३४१२ मीटर, आणि ऑर्डर पास. रविवारच्या त्या घराची खरी जागा नकाशावर टाकून मी पुन्हा मोजलं, तर रस्ता ७.८ किलोमीटर निघाला. फॉर्ममधून काढलेला पिनकोड असा मागच्या दाराने परत आला होता, आणि समोर मीटरमधला आकडा दिसत असल्याने कोणाला शंका आली नाही.

हे ओळखायची खूण उत्तरातच असते, पण घाईत कोणी बघत नाही. पत्त्यावरून जागा शोधणाऱ्या गूगलच्या जिओकोडिंग सेवेच्या उत्तरात `location_type` वाचा. `ROOFTOP` असेल तर जागा नेमकी आहे. `APPROXIMATE` म्हणजे अंदाजे, बहुतेक वेळा अख्खा भाग. सोबत `partial_match` हे `true` असेल तर पत्ता पुरता जुळलेला नाही. मी नियम सरळ ठेवतो:

```
if location_type == "APPROXIMATE" or partial_match:
    ask_customer_pin()
```

म्हणजे अंतर मोजायचंच नाही, ग्राहकाला नकाशा दाखवून घरावर खूण ठेवायला सांगायचं. "एवढं कोण करतंय" असं मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. त्या खानावळीत लोकांनी केलं. ज्यांनी केलं नाही त्यांना फोन करून विचारलं.

खूण ठेवल्यावरही एक तपासणी उरते. ओएसआरएम दिलेला बिंदू जवळच्या रस्त्यावर ओढून नेतो आणि किती ओढला ते `waypoints` मधल्या `distance` मध्ये सांगतो. तो आकडा शंभर मीटरच्या वर गेला की मी ऑर्डर थांबवतो. एक तर खूण शेतात पडलेली असते, नाही तर नव्या लेआउटचा रस्ता नकाशात आलेला नसतो.

आधीपासून चालू असलेली व्यवस्था तपासायची तर मी केलं तेच करा: अंतरावर क्रम लावा आणि एकच आकडा पुन्हा पुन्हा येतोय का बघा. एका अपार्टमेंटमधल्या दोन ऑर्डरी सारख्या येतील, अकरा वस्त्या येणार नाहीत.

बाकीच्या चुका छोट्या. ५ किलोमीटरची हद्द सुरीसारखी ठेवू नका. ४.८ ते ५.४ मधल्या ऑर्डरी मी दुकानदाराच्या फोनवर पाठवतो, त्याला गल्ली माहीत असते. ओएसआरएमच्या सार्वजनिक सर्व्हरवर दुकान चालवू नका, तो करून बघण्यासाठी आहे. अनेक जागांमधली अंतरं एकदम देणारी ओएसआरएमची `table` सेवा वापरत असाल तर `annotations=distance` लिहा, नाहीतर ती सेकंद देते आणि तुम्ही ते मीटर समजून बसता.

आणि ग्राहकाच्या मोबाइलचं चालू लोकेशन म्हणजे घर, असं धरू नका. पुण्यात नोकरीला असलेली मुलगी इथल्या आईसाठी डबा मागवते तेव्हा फोन पुणे सांगतो आणि फॉर्म ऑर्डर नाकारतो. "डबा कुठे पोचवायचा?" हा प्रश्न लोकेशनच्या आधी विचारा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा वाटेवरचे रस्ते बंद असतात आणि नकाशाला ते ठाऊक नसतं. त्या दिवसांपुरती हद्द मी स्वतः हाताने तीन किलोमीटरवर आणतो, आणि मिरवणूक संपली की परत पाचवर.