समीरच्या वाढदिवसाला नावाच्या अक्षरांची ओवी

जोडीदाराच्या नावातील एकेका अक्षराने एकेक ओळ सुरू करायची, एवढाच या रचनेचा नियम आहे; परंतु तीन अक्षरी नावाच्या तीनच ओळी झाल्या, की यमकाची जोडी जुळत नाही आणि तिसरी ओळ लोंबकळत राहते. अशा वेळी ओवीचा घाट घ्यावा, कारण ओवीत पहिल्या तीन चरणांचे यमक जुळते आणि चौथा चरण आखूड व मोकळा असतो. नाव तीन चरणांत बसते, शुभेच्छा चौथ्यात.

उदाहरणादाखल, म्हापशाच्या बाजारातून हौसेने मासळी आणून स्वतः रांधणारा समीर घेऊ. प्रथम नाव उच्चाराप्रमाणे तोडावे: स, मी, र. त्यानंतर ओळी न लिहिता त्याच्या तीन खोडी लिहाव्यात: सुंगटे दिसली की पिशवी भरणे, कालवणात मीठ विसरणे, बायको रागावली तरी हसणे. ‘सदा सुखी राहो’ ही ओळ कोणाच्याही नावाला चालते, म्हणून ती येथे नको.

आता शेवटचे शब्द आधी ठरवावेत. नवशिका कवी ओळीच्या सुरुवातीपासून लिहीत जातो आणि यमकापाशी अडतो. येथे सुरुवातीचे अक्षर आधीच बांधलेले असल्यामुळे दुसरे टोकही बांधून घ्यावे आणि मधली जागा भरावी. ‘हसे’ हवेच, म्हणून त्याच्या जोडीला ‘असे’ आणि ‘बसे’ घेतले. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी आठ अक्षरे ठेवावीत. जोडाक्षर एकच मोजावे.

सुंगटांच्या मागे असे,
मीठ विसरून बसे,
रागावले तरी हसे,
आज त्याचा मान!

‘स’साठी ‘सुं’ चालतो, कारण मूळ व्यंजन तेच आहे. ‘मी’साठी मात्र ‘मीठ’ आयतेच सापडले. ओळी बोटांवर मोजूनही वाचताना जीभ अडखळत असेल, तर बहुधा शब्द चरणाच्या मध्यावर, चौथ्या-पाचव्या अक्षरांत, विचित्र तुटलेला असतो. शब्दांची जागा बदलून पाहावी.

नाव गोपाळ असेल तर खरी पंचाईत होते, कारण ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाही. तेथे ते अक्षर तिसऱ्या ओळीच्या शेवटी न्यावे आणि यमकच ‘ळ’चे करावे: सकाळ, आभाळ, कपाळ. चार अक्षरी नावाला ओवीची गरज नाही. दोन-दोन ओळींची यमके पुरतात.

केकपुढे मोठ्याने म्हणताना ऐकणाऱ्यांना आद्याक्षरे दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक ओळीआधी ‘स’, ‘मी’, ‘र’ असे स्पष्ट उच्चारून क्षणभर थांबावे. कार्डावर ती अक्षरे वेगळ्या रंगाने, एकाखाली एक लिहावीत. घरच्या थट्टेतली एखादी खोड सासूबाईंसमोर म्हणण्याजोगी नसेल, तर तेवढी ओळ आधीच बदललेली बरी.