ओव्हरटाइम की सेकंड शिफ्ट? हिशेब कुठे फसतो ते आधी बघा

ऑर्डर वाढली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ओटी देऊया की सेकंड शिफ्ट लावूया?" त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं. ओटी डबल रेटने, म्हणजे महाग. शिफ्ट सिंगल रेटने, म्हणजे स्वस्त. हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता ऐकलं की आधी मस्टर आणि वीजबिल मागतो.

एक उदाहरण धरू. दहा सीएनसी टर्निंग मशीन, दहा ऑपरेटर, आठ तासांची एक शिफ्ट, महिन्याचे 26 दिवस. मशीनमागे 208 तास, तासाला 8 नग. ऑपरेटरचा पगार 20,800, म्हणजे तासाला 100 रुपये. आता गिऱ्हाईक महिन्याला 3,200 नग जास्तीचे मागतंय, म्हणजे 400 तासांचं काम.

पहिलं: किती तास हवेत ते काढा. नग भागिले तासाचे नग. झालं.

दुसरं: कायद्याची मर्यादा बघा. कारखाने अधिनियम, 1948 मध्ये ओटीची मूळ मर्यादा माणशी तिमाहीला 50 तास होती. पुढे राज्यांनी ती वाढवली, म्हणून आज तुमच्या राज्यात लागू असलेला आकडाच धरा. आपल्या 400 तासांचे माणशी महिन्याला 40 आणि तिमाहीला 120 होतात. हे बसत नसेल तर पुढचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

तिसरं: एका तासाचा खरा खर्च. डबल रेट कशाच्या दुप्पट असतो? फक्त पगाराच्या. ओटीच्या पैशावर पीएफ लागत नाही, बोनस आणि ग्रॅच्युइटी वाढत नाही. ईएसआयचा मालकाचा 3.25 टक्के हिस्सा मात्र लागतो. म्हणजे ओटीचा तास सुमारे 206 रुपयांना पडतो. सेकंड शिफ्टच्या नव्या माणसाला 100 रुपये, वर शिफ्ट अलाउन्स तासाला 8 रुपये धरू, आणि पीएफ, ईएसआय, बोनस, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा मिळून साधारण 30. झाले 138. फरक 68 रुपयांचा आहे. 200 वजा 108 करून 92 धरणारे इथेच घसरतात.

आता ज्या पायरीवर मी स्वतः तोंडावर आपटलोय तिथे येऊ.

चौथं: स्थिर खर्च. गाळ्याचं भाडं, मशीनचे हप्ते, विमा, ऑफिस असा महिन्याचा खर्च समजा 4,16,000 आहे. 2,080 मशीन-तासांना भागलं की तासाला 200. सेकंड शिफ्ट पूर्ण लावली तर तास दुप्पट होतात आणि दर 100 वर येतो. काही वर्षांपूर्वी मी एका मालकाला हाच तक्ता काढून दिला होता: "शिफ्टमुळे प्रत्येक तासाला शंभर रुपये वाचतात." तक्ता देखणा होता. त्यांनी शिफ्ट लावली. चार महिन्यांनी ऑर्डर आटली, आणि नवी माणसं रोज संध्याकाळी दोन तास काम करून सहा तास मशीन पुसत बसली. भाडं मात्र एका रुपयाने कमी झालं नव्हतं. कमी होणारच नव्हतं!

चूक साधी होती. एकूण 4,16,000 दोन्ही पर्यायांत तेवढेच राहतात. ओटीने 400 तास वाढवले तरी दर तासाला तो खर्च कमीच दिसतो, कारण भाजक मोठा होतो. तो लाभ शिफ्टच्या खात्यात टाकायचा आणि ओटीच्या नाही, हा पक्षपात आहे. म्हणून माझं ठाम मत असं: निवड करताना हा दर कागदावरून खोडून टाका. नगाची किंमत ठरवताना तो वापरा, इथे नाही.

घसाऱ्यावरही लोक अडतात. कंपनी कायदा, 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे मालमत्ता दोन शिफ्टमध्ये वापरली तर त्या काळापुरता घसारा 50 टक्क्यांनी वाढतो (ज्यांना ही वाढ लागू नाही अशा मालमत्ता सोडून). अकाउंटंट तो आकडा शिफ्टच्या माथी मारतो. पण पैसा काही खिशातून जात नाही, आणि मशीन झिजतं ते चाललेल्या तासांनी. 400 तास ओटीत चाललं काय आणि शिफ्टमध्ये चाललं काय. विजेचंही तसंच. संध्याकाळचा दर महाग असेल तर दिवसाच्या शिफ्टनंतरचा ओटीही त्याच वेळेत येतो.

धरायचा तो फक्त नव्याने उभा राहणारा खर्च. रात्रीचा सुपरवायझर, एक इन्स्पेक्टर, दिवे, चहा-नाश्ता, सोडायला गाडी. आपल्या उदाहरणात महिन्याला 60,000. हा खर्च दोन मशीन चालली तरी लागतो आणि दहा चालली तरी लागतो.

पाचवं: ताळा. 60,000 भागिले 68, म्हणजे 882 तासांपुढे शिफ्ट परवडते, असं पुस्तकी उत्तर येतं. तेही अपुरं आहे. ओटी तासावर विकत मिळतो, शिफ्ट माणसावर. 882 तासांना चार माणसं पुरत नाहीत (त्यांचे 832 होतात), आणि पाचवा ठेवला की 1,040 तासांचा पगार द्यावाच लागतो. पाच माणसांचा शिफ्टखर्च 2,03,520 होतो, तो ओटीशी बरोबरीला येतो 988 तासांना. आपल्या 400 तासांना तर ओटीचे 82,400 आणि दोन माणसांच्या शिफ्टचे 1,17,408. इथे वाद घालायला जागा नाही.

सहावं: ओटीतले नग वेगळे मोजा. हे कुणी करत नाही. दिवसा तासाला 8 चांगले नग निघतात, ओटीत थकव्याने 7 निघत असतील, तर 206 चा तास खरा पडतो 235 ला. मग चार माणसांची शिफ्ट 740 च्या आसपासच बरोबरीला येते. आपल्या 3,200 नगांना 400 ऐवजी 457 तास लागतील, माणशी तिमाहीला 137. दुसऱ्या पायरीवरची मर्यादा इथे पुन्हा तपासा. शिफ्टच्या नव्या माणसांचेही पहिले दोन-तीन महिने कमीच नग धरा, फुकट सूट देऊ नका.

आणि एक लक्षण ओळखायला शिका: ज्या आठवड्यात ओटी जाहीर होतो त्या आठवड्यात दिवसाचं उत्पादन उतरतं का? उतरत असेल तर दिवसाचं काम संध्याकाळी ढकललं जातंय आणि तुम्ही त्याच नगांना दुप्पट दर देताय. रोजच्या प्रॉडक्शन शीटवर सहापूर्वीचा आणि सहानंतरचा आकडा वेगळा लिहायला लावा. सुपरवायझर कुरकुरेल, लिहायला लावाच.

आता मर्यादा आणि बरोबरीचा आकडा यांच्यात मोठी दरी असते. 740 तासांच्या कामाला तासाला 7 नगांच्या ओटीत सुमारे 846 तास लागतात, म्हणजे माणशी महिन्याला जवळपास 85; एवढा ओटी कायद्यात बसत नाही. त्या दरीत काम आलं तर शिफ्ट महाग असूनही लावावी लागते, आणि मग बोलणी ऑपरेटरशी नाही, नगाच्या भावावर गिऱ्हाइकाशी करायची असतात. मी तेव्हा शिफ्टचा जास्तीचा खर्च भागिले जास्तीचे नग असा एकच आकडा लिहून नेतो आणि किमान सहा महिन्यांची ऑर्डर लेखी मागतो. तोंडी "साहेब, काम राहील हो" यावर माणसं घ्यायची नाहीत.